वाचता न येणाऱ्या बायकांना संमतीपत्रक वाचून दाखवायचंय, मसुदा बघता का जरा?

सायली12
ऊसतोड बायकांच्या अंगात रक्त किती आहे, यावर माझा अभ्यास चालू आहे. त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांवर जायचं, अर्धा तास प्रश्न विचारायचे आणि बोटातून रक्त घेऊन तिथल्या तिथे मशीनवर हिमोग्लोबिन बघायचं. बहुतेकींना वाचता येत नाही, म्हणून संमतीपत्रक मी वाचून दाखवायचं, असं ठरलंय. आमच्या नीतिसमितीने मंजूर केलेला कागद मूळ इंग्रजी. त्याचं हे मराठी:

“सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणतेही कारण न देता कोणत्याही टप्प्यावर, आपणास मिळणाऱ्या लाभांवर परिणाम न होता, माघार घेऊ शकता. आपल्या रक्ताचा नमुना घेण्यात येईल. आपली वैयक्तिक माहिती गोपनीय ठेवण्यात येईल...”

अशी दोन पानं. परवा एका टोळीवर सहा जणींसमोर वाचून बघितलं. साडेसात मिनिटं लागली. दुसऱ्या परिच्छेदाला एक जण चूल फुंकायला वळली. शेवटी “समजलं का?” विचारलं, सगळ्या “हो” म्हणाल्या. मग एकीने विचारलं, “गोळ्या कधी देणार?” दुसरी म्हणाली, “यादीत नाव लागंल ना?” आणि मी शाईचं पॅड काढल्याबरोबर तिसरी काही न बोलता उठून गेली ती आलीच नाही.

समितीकडे बदललेला मसुदा पुन्हा पाठवता येतो. कुठून सुरुवात करू?

वकीलसाहेब_नगर
सोपं आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर संमतीचा मजकूर टाइप करून घ्या, नोटरी करा, अंगठ्याखाली दोन साक्षीदार. उद्या कोणी पलटलं तरी तुम्ही सुरक्षित.

सायली12
साहेब, मला सुरक्षित व्हायचं नाहीये हो. त्यांना कळायला हवंय.

आबा_पाहणीवाले
सायलीताई, मी पंचवीसेक वर्षं घरोघरच्या पाहण्यांवर सुपरवायझर होतो. तुमचा कागद डोळ्यांसाठी लिहिलाय. वाचणारा माणूस अडला की मागच्या ओळीवर जातो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. “कोणतेही कारण न देता” पासून “माघार घेऊ शकता” पर्यंत बाईने चार गोष्टी डोक्यात धरून ठेवायच्या आणि मग शेवटी क्रियापद येणार. तोवर पहिली सांडलेली असते. एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा, आणि ती एका श्वासात म्हणता आली पाहिजे. स्वतः मोठ्याने वाचा. जिथे तुमचा श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा.

दुसरं, शब्द. “नमुना” आपल्याकडे माणसालाही म्हणतात, “काय नमुना आहे!” “गोपनीय” चं सोपं करायला जाऊन लोक “गुप्त” लिहितात, आणि बाईला गुप्तरोग आठवतो. “संशोधन” म्हटलं तर काहीच ऐकू जात नाही आणि “तपासणी” म्हटलं की डॉक्टर आले, म्हणजे गोळ्या आल्या. तुमच्याकडे गोळ्या मागणारी बाई मूर्ख नव्हती, तुमच्या शब्दांवरून तिने बरोबर अंदाज बांधला. “सर्व्हे” चं उलट. तो शब्द सगळ्यांना येतो, पण त्याचा अर्थ घरकुल, रेशन, अनुदान. यादीवाली तिथून आली. म्हणून काय मिळणार *नाही*, ते नाव घेऊन सांगावं लागतं. “कोणताही प्रत्यक्ष लाभ नाही” यातून कुणाला काही कळत नाही.

आणि “समजलं का?” हा प्रश्न कायमचा खोडून टाका. त्याला आपल्याकडे “नाही” असं उत्तर कुणी देत नाही.

भाकरतुकडा
थोडं अवांतर, पण अंगठ्यावरून आठवलं. माझ्या आईला वाचता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात तिला “इथे करा अंगठा, रुटीन आहे” म्हणून कागद पुढे केला. तिला वाटलं घरी सोडण्याचा कागद आहे. तो ऑपरेशनचा होता. ऑपरेशन करायलाच हवं होतं, ते नीटही झालं, प्रश्न तो नाही. पण त्यानंतर आई बँकेतसुद्धा अंगठा करायला मला सोबत नेते. तिचे वडील एका अंगठ्यावर जमीन घालवून बसले होते, ती गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. तुमची ती तिसरी बाई का उठली, हे मला तरी विचारावं लागत नाही.

गोरमाटी_पोरगा
माझी याडी, म्हणजे आई, अजून तोडणीला जाते. अंगठ्याचं सांगतो. दसऱ्याच्या आधी मुकादम उचल देतो, तेव्हा नवऱ्याचा अंगठा किंवा सही घेतो. पुढचे पाच-सहा महिने दोघं त्या कागदाला बांधलेले. खाडा झाला तर पैसे कापतात, आणि हिशेब त्याच वहीत. कोपीवर पॅड निघालं म्हणजे कुणाची तरी वही निघाली, असंच डोक्यात येतं.

दुसरी गोष्ट, तुमच्या टोळीत आमच्या बंजारा तांड्यावरच्या किती बायका आहेत ते बघा. याडीला बाजारातलं मराठी छान येतं, मुकादमाशी भांडायचं मराठी त्याहून छान येतं. पण पाळी, पिशवी, अंगावरून जाणं, हे ती गोरबोलीतच बोलते. मराठीत विचारलं तर लाजून “हो हो” करून मोकळी होते.

डॉ_पंचमी
मी औषधांच्या चाचण्यांवर काम केलंय. भावना कळतात, पण अंगठा टाळता येत नाही. निरक्षर व्यक्ती असेल तर अंगठा आणि तटस्थ साक्षीदाराची सही, दोन्ही बंधनकारक. काही चाचण्यांत तर संमती घेतानाचं चित्रीकरणही करावं लागतं. अंगठ्याशिवाय घेतलेली माहिती समिती बाद करेल.

समितीतली_खुर्ची
पंचमीताई, तुम्ही म्हणता ते नव्या औषधांच्या चाचण्यांना लागू आहे, 2019 चे नियम. सायलीचा अभ्यास त्यात बसत नाही. तिला आयसीएमआरची 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं लागतात. त्यात सोय आहे. भाग घ्यायची तयारी आहे पण सही-अंगठा द्यायचा नाही, अशा लोकांकडून समितीची आगाऊ मंजुरी घेऊन तोंडी संमती घेता येते. मात्र तटस्थ साक्षीदार हजर हवा, आणि कागदावर सही आणि तारीख त्याची. साक्षीदार सुटत नाही, अंगठा सुटतो.

मी एका समितीवर आहे, म्हणून एक सांगते. अर्जात नुसतं “लोक घाबरतात” लिहू नका. उचलीच्या कागदाचं कारण जसं इथे आलंय तसं लिहा. आम्ही एसी खोलीत बसून अंगठा म्हणजे सहीचा गरीब भाऊ समजतो. तो कर्जाचा कागद आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं.

डॉ_पंचमी
बरोबर, मी चाचण्यांच्या सवयीने लिहिलं. पण मग साक्षीदार कोण? कोपीवर लिहिता-वाचता येणारा तटस्थ माणूस कुठून आणणार?

सायली12
तोच गोंधळ आहे. मुकादम स्वतः तयार आहे. चांगला माणूस आहे तसा, आम्हाला टोळीवर त्यानेच नेलं.

आबा_पाहणीवाले
मुकादम नको म्हणजे नको. चांगला असला तरी नको. टोळीत शिरायला त्याची परवानगी घ्या, त्याला नमस्कार करा, चहा प्या. पण ती टोळीत शिरायची परवानगी झाली, बाईची संमती नव्हे. बाईसमोर तो बसला की ती त्याच्याकडे बघून उत्तर देणार. त्याची बायकोही नको. तुमच्या गटातली मुलगी पण साक्षीदार होत नाही, ती तुमचीच.

आम्ही काय करायचो, शेजारच्या दुसऱ्या टोळीतलं दहावी-बारावी झालेलं माणूस बघायचो. अठरा पूर्ण हवं, आणि शक्यतो बाई. त्यांचा मुकादम वेगळा, त्यामुळे लागेबांधे कमी. ती फक्त वाचन आणि “हो-नको” होईपर्यंत बसते. मग तिने उठून जायचं. पाळीचे प्रश्न तिच्यासमोर विचारायचे नाहीत. हे लोक विसरतात, साक्षीदार पूर्ण मुलाखतभर बसून राहतो.

गोरमाटी_पोरगा
दुसऱ्या टोळीत पण पावणे-रावळे निघतात, आबा. एकाच तांड्यावरची दहा कोयती, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, वेगवेगळ्या मुकादमांकडे असतात.

आबा_पाहणीवाले
निघतात. तटस्थ म्हणजे आभाळातून पडलेला असं नाही हो. या बाईच्या “हो” मध्ये ज्याचा फायदा नाही आणि “नको” मध्ये ज्याचं नुकसान नाही, असा माणूस.

सायली12
सगळ्यांचं घेऊन पुन्हा लिहिलं. आठवडाभर तीन टोळ्यांवर फिरले, दर वेळी थोडं बदललं. आत्ताचं असं आहे. “थांब” लिहिलंय तिथे मी गप्प बसते, मनात पाच मोजते.

> मावशी, माझं नाव सायली. मी कॉलेजातून आले. मी डॉक्टर नाही. सरकारची नाही, कारखान्याची नाही, मुकादमाची पण नाही.
>
> ऊस तोडणाऱ्या बायांच्या अंगात रक्त किती आहे, ते मी बघते आणि लिहून घेते. *थांब.*
>
> तुम्ही हो म्हणालात तर दोन गोष्टी होतील. एक, मी अर्धा तास प्रश्न विचारीन. काम, खाणं, पाळी, बाळंतपण, पिशवीचं ऑपरेशन, याबद्दल. दोन, बोटाला सुई टोचीन. टोचताना चटका बसतो. पहिले दोन थेंब मी पुसून टाकते. तिसरा थेंब मशिनीत घालते. मशीन इथंच आकडा दाखवतं. रक्त बाटलीत भरत नाही, कुठं नेत नाही. *थांब.*
>
> याचे पैसे मिळत नाहीत. गोळ्या मिळत नाहीत. घरकुलाच्या, रेशनच्या यादीत नाव लागत नाही. तुमचा आकडा मी तुम्हाला सांगीन. फार कमी असला तर कुठल्या सरकारी दवाखान्यात जायचं त्याची चिठ्ठी देईन. *थांब.*
>
> तुमचं नाव प्रश्नांच्या कागदावर लिहीत नाही, तिथं नंबर असतो. तुम्ही सांगितलेलं मी मुकादमाला सांगणार नाही, घरच्यांना सांगणार नाही. पण कोपीला दार नाही, शेजारी ऐकू जाईल. लांब बसायचं असलं तर तसं म्हणा. *थांब.*
>
> नको म्हणालात तरी चालतं. मी कारण विचारणार नाही. हो म्हणून मधेच नको वाटलं, तर ‘बास’ म्हणा, मी वही मिटते. एखादा प्रश्न नको असला तर ‘पुढं’ म्हणा.

थांबे धरून तीन मिनिटांच्या आत होतं. “दोन थेंब रक्त” असं आधी लिहिलं होतं. एका मावशीने बोट धरून मोजले आणि म्हणाली, “दोन म्हणली होतीस, ह्यो तिसरा!” तिचं बरोबर होतं. पहिले पुसायचे असतात, हे मला माहीत होतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर तिने माझ्या कुठल्याच वाक्यावर विश्वास ठेवला नाही.

“समजलं का?” ऐवजी आता तीन प्रश्न विचारते. “रात्री जाऊबाईंनी विचारलं, ही कशाला आली होती, तर काय सांगाल?” “आकडा कमी आला तर मी काय देणार?” “तुम्ही नको म्हणालात तर काय होईल?”

पहिल्या दोन्हींची उत्तरं बरी येतात. गोळ्या अजून एखादी म्हणते, मग तेवढाच भाग पुन्हा वाचते, सगळं नाही. तिसऱ्यावर अडते. एक मावशी म्हणाली, “नको म्हणलं तर तुला वाईट वाटंल की. लांबून आलीस.”

आबा_पाहणीवाले
हे तिसरं उत्तर सोन्यासारखं आहे, लिहून ठेवा. मुकादमाची भीती काढलीत, आता पाहुणचार आडवा आला. याला वाक्य पुरत नाही. आम्ही कधी कधी वाचून झालं की म्हणायचो, “मी पलीकडच्या कोपीत जाऊन येते, तोवर बघा.” परत आल्यावर बाई कामाला लागलेली दिसली तर समजायचं, पुन्हा विचारायचं नाही. तोंडाने “नको” म्हणणं अवघड, पण भांडी घासायला लागणं सोपं असतं. पाहणीत काही बायका गळतात, सुपरवायझर ओरडतो. मीच ओरडायचो.

बाकी मसुदा चांगला. “नाही म्हणा” ऐवजी “नको म्हणा” ठेवलंत ते विशेष. मोठ्या माणसाला “नाही” म्हणणं उर्मटपणा वाटतो, “नको” जिभेवर सहज येतं.

समितीतली_खुर्ची
मला दोन ठिकाणी खटकलं. नाव लिहीत नाही म्हणता आणि चिठ्ठीही देता. चिठ्ठीवर नाव आलं, आकडा आला. ती चिठ्ठी मुकादमाने किंवा सासूने बघितली तर?

दुसरं, “फार कमी” म्हणजे किती, ते तुमच्या प्रश्नावलीत आधी ठरलेलं हवं. गरोदर नसेल तर 8 च्या खाली, गरोदर असेल तर 7 च्या खाली, हा तीव्र रक्तक्षय धरतात. बाईला हे आकडे सांगायची गरज नाही, पण दोन मुलींनी दोन वेगळ्या आकड्यांना चिठ्ठी द्यायला नको.

सायली12
आकडे घातले. चिठ्ठीवर नाव काढून टाकलं. आता फक्त “हिमोग्लोबिन कमी आहे, तपासावे”, आकडा आणि तारीख. अभ्यासाचं नाव, “पिशवी” वगैरे काही नाही. संमतीपत्रकाची प्रत द्यावी लागते, ती वाचता न येणाऱ्या बाईने कुठे ठेवायची, हाही प्रश्न होता. एकीने ती लगेच चुलीत घातली, नवरा विचारेल म्हणून. आता प्रत घ्यायची का ते विचारते, आणि कुणालाही देते ते एक छोटं कार्ड. त्यावर माझा आणि तक्रारीचा नंबर मोठ्या अंकात. अंक बहुतेकींना वाचता येतात, मोबाइलमुळे.

गोरमाटी_पोरगा
गोरबोलीचं काय केलंत?

सायली12
तांड्यावरच्या एका शिकलेल्या ताईंकडून करून घेतलं, देवनागरीत लिहून. मग दुसऱ्या एकीला ते ऐकवून मराठीत सांगायला लावलं, आमचा कागद न दाखवता. “मी वही मिटते” चं तिने सांगितलं, “मी हिशेब बंद करते.” म्हणजे उचलीचाच हिशेब! ते वाक्य बदललं.

ताईंच्या आवाजात रेकॉर्ड करून मोबाइलवर ऐकवावं असंही मनात आहे. दर वेळी तेच शब्द जातील, माझ्या दोन मुली वाटेल तसं गाळणार नाहीत.

गोरमाटी_पोरगा
मोबाइल लावला की बायका भजनासारखं ऐकतात, मधे बोलत नाहीत. याडी तर व्हॉट्सॲपच्या आवाजाला “हं, हं” म्हणते, पण थांबवत नाही.

डॉ_पंचमी
रेकॉर्डिंगचे पाच तुकडे करा, तुमच्या “थांब” वर तोडून. एक तुकडा झाला की फोन पालथा ठेवायचा आणि बोलायचं. आमच्या चाचण्यांत समुपदेशक स्वतःच्या मनाने काय काय आश्वासनं द्यायचे, ते ऐकून अंगावर काटा यायचा. ठरलेला आवाज असलेला बरा.

आबा_पाहणीवाले
माझं मत माणसाने वाचावं. पण मुली नव्या असतील तर पंचमीताईंचं ऐका.

भाकरतुकडा
एक विचारू? “घरच्यांना सांगणार नाही” म्हणालात. टोळीत लग्न झालेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली असतात. आमच्या गावातूनच जातात. त्यांचं काय करता? त्या वय अठराच सांगणार.

समितीतली_खुर्ची
इथे सगळ्या समित्या अडकतात. अठराच्या आत असेल तर पालकाची संमती आणि मुलीचा होकार, दोन्ही लागतात. तिथे पालक म्हणून कुणाला धरायचं? आईवडील गावाकडे. नवरा? मी तरी मान्य करणार नाही. आणि गरोदर असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पॉक्सो कायदा लागतो, पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं. मग “कुणाला सांगणार नाही” हे वाक्यच खोटं पडतं. सायली, त्या वाक्याला मर्यादा घालावी लागेल, किंवा अठराच्या आतल्या मुली अभ्यासातून वगळाव्या लागतील.

आबा_पाहणीवाले
वगळल्या तर ज्यांच्या अंगात रक्त सर्वांत कमी असण्याची शक्यता, त्याच मोजल्या जाणार नाहीत.

समितीतली_खुर्ची
माहीत आहे. 2019 ला पिशवी काढलेल्या बायकांवरून गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हापासून या बायकांकडे वही घेऊन जाणारे कमी नाहीत. आणखी एकीने खोटं आश्वासन द्यायला नको, एवढंच म्हणते.

सायली12
सध्या वय विचारते आणि अठराच्या आत कुणी सांगितलं तर पुढे जात नाही. अठरा सांगितलं आणि दिसायला पंधरा, अशा दोघी आतापर्यंत भेटल्या. एकीला मी प्रश्न न विचारता नुसतंच बसून चहा प्यायले. दुसरीने स्वतःहून बोट पुढे केलं होतं. तिला काय सांगायचं ते मसुद्यात नाही.

अर्ज सोमवारी जातोय. तोंडी संमतीची परवानगी, दुसऱ्या टोळीतली साक्षीदार आणि वरचा मसुदा. अठराच्या आतल्यांचं वेगळं पत्र लिहिते, ते आधी इथे टाकेन.

वकीलसाहेब_नगर
पत्र टाका, मी बघतो. स्टॅम्प नको म्हणालात तरी पॉक्सोचं कलम 19 नीट वाचून घ्या, “माहिती असूनही कळवलं नाही” ही जबाबदारी तुमच्यावर व्यक्तिशः येते. त्यात मी मदत करू शकतो.

सायली12
हे खरंच उपयोगाचं. पाठवते.